ऐनवेळी मीटिंग रद्द करताना क्लायंटला काय लिहायचं?

प्रश्न: मी पुण्यात एकटीच इंटिरियरची कामं घेते. आज, गुरुवारी 13 नोव्हेंबरला, दुपारी चार वाजता वाकडच्या एका फ्लॅटवर इलेक्ट्रिक पॉइंट मार्किंगची मीटिंग होती. मॅडम हिंजवडीच्या ऑफिसातून हाफ डे टाकून येणार होत्या, त्यांचे मिस्टर जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर. अडीच वाजता दुसऱ्या साइटवर पाइप फुटला, म्हणून मी घाईत व्हॉट्सअ‍ॅप केलं: ‘हाय मॅम, सॉरी, आज नाही जमणार, अर्जंट आलंय. उद्या-परवा बघूया का? 🙏’ त्यांनी नुसता अंगठा पाठवला. संध्याकाळी फोन केला तर उचलला नाही. कारण खरं होतं, सॉरीही म्हटलं. मग चुकलं कुठे, आणि आता काय लिहू?

उत्तर:

साइटवर पाइप फुटतात हे मॅडमनाही कळतं. पण चार वाजताच्या भेटीसाठी त्यांनी काय काय जुळवून आणलं होतं याची तुम्हाला कल्पना आहे की नाही, हे तुमच्या मेसेजवरून त्यांना कळलं नाही. हाच मेसेज तुम्ही मैत्रिणीबरोबरची कॉफी रद्द करताना पाठवला असता, तर ‘मॅम’ सोडून एकही शब्द बदलावा लागला नसता. त्यांना नेमकं तेच लागलं असणार.

‘अर्जंट आलंय’ म्हटलं की क्लायंट एकच अर्थ लावतो: दुसऱ्या कुणाचं तरी काम माझ्या कामापेक्षा मोठं आहे. तुमचं कारण खरं तर सांगण्यासारखं होतं, आणि तेच नेमकं झाकलं गेलं. ‘उद्या-परवा बघूया का’ वाचायला साधं वाटतं, पण त्यात पुढची वेळ शोधायचं सगळं काम मॅडमच्या गळ्यात पडलं. रजा, जर्मनीची वेळ, तुमची मोकळी वेळ, वायरमनची वेळ, हे सगळं आता त्यांनी जुळवायचं. त्यावर अंगठ्याशिवाय काय पाठवणार? उत्तर देण्यासारखं त्या मेसेजमध्ये काही नव्हतंच.

मी बरीच वर्षं इंटिरियरच्या साइट्स सांभाळते, आणि ऑफिसात नव्याने आलेल्या मुलामुलींचे क्लायंटला जाणारे मेसेज आधी माझ्याकडून जातात. रद्द करण्याचा मेसेज आला की मी आधी एकच विचारते: या भेटीसाठी कुणी काय करून ठेवलंय? हे दोन मिनिटं डोक्यात मोजल्याशिवाय टाइप करायला घेऊ नका, कारण माफीत लिहायचं ते यातूनच मिळतं.

तुमच्या बाबतीत मोजून बघा. मॅडमची अर्ध्या दिवसाची रजा गेली. नोव्हेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे आपले चार वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा. गुरुवारी ऐन कामाच्या वेळेत त्यांच्या मिस्टरांनी तासभर बाजूला काढला होता. पॉइंट मार्किंगला वायरमन लागतोच, तेव्हा त्याचाही अर्धा दिवस खाडा झाला. आणि मार्किंग झाल्याशिवाय भिंतीत झिऱ्या मारता येत नाहीत, झिऱ्या झाल्याशिवाय पाइप पडत नाहीत, पाइप पडून भिंत बुजल्याशिवाय पुढचा माणूस कामाला लागत नाही. मॅडमना हा क्रम माहीत नसेलही. पण घर कधी मिळणार हा प्रश्न त्यांच्या डोक्यात रोज असतो, आणि मीटिंग हुकली की तो आधी वर येतो.

आता अडीच वाजता काय व्हायला हवं होतं ते सांगते.

आधी फोन. दोन-तीन तासांच्या आत असलेली भेट रद्द करायची असेल तर मेसेज पहिला जाऊच नये. यात शिष्टाचाराचा भाग कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. अडीचला मॅडम अजून ऑफिसातच असण्याची शक्यता होती. तेव्हा त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्या मॅनेजरला सांगून हाफ डे रद्द करू शकल्या असत्या. तोच मेसेज त्यांनी सव्वातीनला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून वाचला असेल, तर रजाही गेली आणि फेरीही. फोनवर तीन वाक्यं पुरतात: आज चारला मी येऊ शकत नाही, का येऊ शकत नाही, आणि नवीन वेळ मी लेखी पाठवते. पर्यायांची चर्चा त्या फोनवर करू नका. समोरचं माणूस निघायच्या घाईत असतं, ‘हो हो, शनिवारी बघू’ म्हणतं आणि नंतर विसरतं.

फोन उचलला नाही तर लगेच मेसेज, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एक फोन. या मेसेजच्या पहिल्या वाक्यात बातमी हवी. लॉक असलेल्या स्क्रीनवर सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात. तिथे ‘हाय मॅम, सॉरी टू डिस्टर्ब यू’ दिसलं तर मॅडम तो मेसेज घरी जाऊन वाचतील. ‘आजची 4 वाजताची मीटिंग’ दिसलं तर लगेच उघडतील. व्हॉइस नोट तर नकोच. मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला ती ऐकता येत नाही, आणि तारीख-वेळ बघायला पुन्हा पुन्हा ऐकत बसावी लागते.

अडीच-पावणेतीनच्या सुमाराला जायला हवा होता तो मेसेज साधारण असा:

> मॅडम, आजची 4 वाजताची साइट मीटिंग मला रद्द करावी लागतेय. तुम्ही ऑफिसातून निघाला नसाल तर कृपया निघू नका.
>
> दुसऱ्या एका साइटवर पाण्याचा पाइप फुटून खालच्या मजल्यावरच्या घरात पाणी जातंय. प्लंबर येऊन लाइन बंद होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही.
>
> तुम्ही यासाठी हाफ डे घेतलात, सरांनी तिकडे ऑफिसच्या वेळेतून वेळ काढला, आणि मी दीड तास आधी नाही म्हणतेय. तुम्हा दोघांचीही मनापासून माफी मागते.
>
> वायरमनला मी कळवलंय. त्याच्या आजच्या फेरीचे पैसे मी देईन.
>
> नवीन वेळेचे पर्याय आज संध्याकाळी 6 पर्यंत पाठवते. तुम्हाला पुन्हा रजा घ्यावी लागणार नाही अशाच वेळा बघते.

मेसेज थोडा लांब आहे, पण वाचून बघा, यातलं एक वाक्यही दुसऱ्या क्लायंटला जसंच्या तसं पाठवता येणार नाही. माफी खरी वाटते ती यामुळे. ‘मनापासून’ हा शब्द काढून टाकला तरी फारसं बिघडत नाही, पण ‘हाफ डे’ काढला तर सगळं पोकळ होतं.

कारण दोनच वाक्यांत संपवलंय. पाइप कुठून फुटला, खालचे काका किती चिडले, प्लंबर फोन का उचलत नव्हता, हे लिहायला लागलं की माफीची कैफियत होते आणि क्लायंटला वाटतं, आता मीच हिची समजूत काढायची का? घरात कुणी आजारी असेल तर ‘घरी तब्येतीची अडचण आली आहे’ इतकं पुरतं, रिपोर्ट पाठवायची गरज नसते. आणि कारण लंगडं असेल, म्हणजे एकाच वेळी दोघांना वेळ दिली गेली असेल, तर सरळ लिहा: ‘एकाच वेळी दोन ठिकाणी वेळ दिली गेली, ही माझी चूक आहे.’ अशा वेळी आजारपण किंवा ट्रॅफिक पुढे करण्याचा मोह होतो. पण आपल्या धंद्यात खोटं फार टिकत नाही. तोच वायरमन तुमच्या दोन्ही साइटवर असतो, आणि चहा पिताना तो सहज बोलून जातो की ताई त्या दिवशी बाणेरला होत्या.

माफीच्या वाक्यात ‘असल्यास’ आणि ‘तर’ येऊ देऊ नका. ‘काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ हे दुरुस्तीसाठी बंद असलेल्या लिफ्टवर चिकटवायला ठीक आहे. मॅडमची गैरसोय झालीच आहे, त्यात ‘असल्यास’ कसलं?

या पहिल्या मेसेजमध्ये मी वेळेचे पर्याय मुद्दाम घातले नाहीत. वायरमनला विचारल्याशिवाय दिलेला पर्याय कच्चा असतो, आणि एकदा मीटिंग हुकवल्यावर कच्चा पर्याय देऊन तो पुन्हा बदलणं म्हणजे दुसऱ्यांदा रद्द करणंच. दहा मिनिटांत सगळं पक्कं होत असेल तर एकाच मेसेजमध्ये सगळं घाला. होत नसेल तर बातमी रोखून धरू नका. पर्याय सहापर्यंत थांबू शकतात, मॅडमचं निघणं थांबत नाही.

आता पर्यायांकडे येते, कारण लोक सगळ्यात जास्त घोटाळा इथेच करतात.

‘तुम्हाला कधी सोयीचं ते सांगा’ हे नम्र वाटतं, पण क्लायंटला काम लावणारं आहे. याच्या उलट पाच-सहा वेळांची यादी पाठवली तर ती बघून माणूस ‘नंतर ठरवू’ म्हणतो. दोन पर्याय द्या, आणि दोन्ही जमत नसतील तर तुमचा वार सांगा, अशी एक वाट मोकळी ठेवा. पण ते दोन पर्याय देण्याआधी तुमचं गणित पूर्ण झालेलं हवं.

तुमच्या केसमध्ये हे गणित कसं होतं ते बघू. पहिली अट, मॅडमची रजा पुन्हा जाता कामा नये. मग वाटतं सोमवारी सकाळी साडेआठ छान, ऑफिसला जाता जाता होईल. पण तेव्हा जर्मनीत पहाटेचे चार वाजलेले असतात. हा पर्याय पाठवला असता तर मॅडमनी मनात म्हटलं असतं, हिला आमचे हे कुठे असतात तेही आठवत नाही. इतक्या मनापासून लिहिलेली माफी त्या एका ओळीने धुऊन निघाली असती. रविवार बघावा तर बऱ्याच सोसायट्या रविवारी कामगारांना आत सोडत नाहीत. मार्किंगला खडू आणि टेप लागते, आवाज काही होत नाही, पण गेटवरचा वॉचमन ते ऐकून घेत नाही. राहतात शनिवारची दुपार आणि सोमवारची संध्याकाळ. शनिवारी साडेचार म्हणजे तिकडे दुपारचे बारा, आणि सुट्टी. सोमवारी संध्याकाळी साडेसहा म्हणजे तिकडे दुपारचे दोन, जेवणाच्या सुट्टीला लागून. हे दोन चालण्यासारखे आहेत.

सोमवारच्या वेळेत एक खोच आहे. बऱ्याच सोसायट्यांत संध्याकाळी सहानंतर कामगारांना प्रवेश नसतो. तेव्हा सोसायटीच्या ऑफिसला आधी विचारा. परवानगी मिळाली नाही तर वायरमनशी दिवसा बोलून घ्या आणि मार्किंग तुम्ही स्वतः करा. बोर्डाची उंची, चिमणीचा पॉइंट, ओट्यावरचे मिक्सरचे पॉइंट खडूने मारून, बाजूला टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले की तो दुसऱ्या दिवशी त्यावरून काम करू शकतो. नोव्हेंबरात साडेसहाला अंधार असतो आणि त्या फ्लॅटमध्ये अजून दिवे नसणार, तेव्हा फोकस लाइट तुम्ही घेऊन जाणार हेही मेसेजमध्ये येऊ द्या. असा एक बारकावा दिसला की क्लायंटला कळतं, वेळ नुसती सुचेल तशी टाकलेली नाही.

लिहिताना वार, तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, जागा, आणि जर्मनीतली वेळ, सगळं लिहा. मॅडम तो मेसेज जसाच्या तसा मिस्टरांना फॉरवर्ड करणार आहेत, म्हणून आधीचं काही न वाचताही तो कळायला हवा. ‘उद्या-परवा’ तर कधीच नको. रात्री पाठवलेला ‘उद्या’ सकाळी वाचला की आज होतो, आणि ‘परवा’ मागचा की पुढचा ते संदर्भावरून लावावं लागतं. ‘साडेचारच्या सुमारास’ही नको. एकदा वेळ मोडलेल्या माणसाकडून लोकांना सुमार नको असतो.

शेवटी, दोन्ही वेळा तुम्ही कधीपर्यंत राखून ठेवणार तेही लिहा. ती मुदत क्लायंटवर दडपण आणायला नसते. वायरमनला तुम्ही दोन्ही दिवशी अडवून ठेवलंय, त्याला कधीतरी एक दिवस मोकळा करायचा असतो, म्हणून ती लागते.

आता काय लिहायचं ते. रात्री काही पाठवू नका आणि फोनही करू नका. न उचललेला एक फोन पुरे, चार मिस्ड कॉल दिसले की माणूस आणखी लांब जातो. आज रात्री वायरमनशी बोलून दोन्ही वेळा पक्क्या करा, सकाळी सोसायटीच्या ऑफिसला फोन करा, आणि साडेदहाच्या आत हा मेसेज पाठवा. मॅडमना एकटीला, साइटच्या ग्रुपवर नाही:

> मॅडम, कालची मीटिंग मी एका ओळीच्या मेसेजवर रद्द केली, ते चुकलं. मी तेव्हाच फोन करायला हवा होता. तुमचा हाफ डे गेला आणि सरांचाही वेळ वाया गेला, त्याबद्दल तुम्हा दोघांची माफी मागते.
>
> अडीच वाजता दुसऱ्या साइटवर पाइप फुटून खालच्या घरात पाणी शिरलं होतं, म्हणून मला तिथे थांबावं लागलं.
>
> पॉइंट मार्किंगसाठी मी आणि वायरमनने या दोन वेळा राखून ठेवल्या आहेत, दोन्ही फ्लॅटवरच:
>
> 1. शनिवार, 15 नोव्हेंबर, दुपारी 4.30 ते 5.45 (जर्मनीत दुपारी 12 पासून)
>
> 2. सोमवार, 17 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.30 ते 7.45 (जर्मनीत दुपारी 2 पासून). अंधार असेल, फोकस लाइट मी आणते.
>
> यातली कुठली सोयीची आहे ते आज रात्री 8 पर्यंत सांगाल का? तोपर्यंत दोन्ही मोकळ्या ठेवते. दोन्ही जमत नसतील तर तुमच्या सोयीचा वार आणि वेळ सांगा, मी बाकीच्यांचं जुळवते.
>
> किचन आणि दोन्ही बेडरूमच्या पॉइंटचं ड्रॉइंग सोबत जोडलंय, सरांना सवडीने बघता येईल. वायरमनच्या कालच्या फेरीचा खर्च तुमच्या बिलात येणार नाही.

इथे माफी आधी आणि कारण नंतर आलंय, हे लक्षात आलं असेल. दुपारच्या मेसेजमध्ये क्रम उलटा होता, कारण तेव्हा मॅडमना थांबवणं निकडीचं होतं. आता मीटिंगची वेळ निघून गेलेली आहे. आता कारण आधी लिहिलं तर ते सबब वाटेल.

ड्रॉइंग जोडण्याचा उपयोग असा, की मीटिंग नसली तरी कामाचा काही भाग पुढे सरकतो. टीव्ही कुठल्या भिंतीवर, वॉटर प्युरिफायर ओट्याच्या कुठल्या टोकाला, बेडच्या दोन्ही बाजूंना पॉइंट हवेत का, हे ड्रॉइंगवर ठरू शकतं. खरं तर आज चार वाजता मॅडम आणि त्यांचे मिस्टर दोघंही मोकळे होते. साडेतीनपर्यंत प्लंबर आला असता, तर त्याच साइटच्या जिन्यात बसून तुम्ही अर्धा तास ड्रॉइंगवर बोलू शकला असता. रजा गेलीच होती, निदान तिचा काही उपयोग झाला असता. रद्द करण्याआधी मीटिंग लहान करून वाचते का, हे एकदा बघायचं. पण भिंतीवरची उंची व्हिडिओवर ठरवायला जाऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यात चार फूट आणि साडेचार फूट सारखेच दिसतात, आणि नंतर बोर्ड बेडच्या पाठीमागे जातो.

या मेसेजमध्ये एक वाक्य मी मुद्दाम टाळलंय: ‘कामावर याचा काही परिणाम होणार नाही.’ हे लिहायला हात शिवशिवतो. पण वायरमन पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर अडकला असेल तर परिणाम होणार आहे, आणि तारखेबद्दल लिहून दिलेलं वाक्य उद्या वाद झाला तर तुमच्यासमोर ठेवलं जाईल. वायरमन आणि पीओपीवाला दोघांच्या तारखा विचारून मग जे असेल ते सांगा. दोन दिवस पुढे जात असेल तर ‘दोन दिवस पुढे जातंय’ असंच लिहा.

आता मॅडमकडून काय येईल? ‘शनिवार चालेल’ आलं तर एका ओळीत पक्कं करा, त्यात पुन्हा सॉरी नको. मग ग्रुपवर फक्त वेळ टाका, म्हणजे वायरमन आणि सुतार दोघांना कळेल. कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं असेल तर जुनं डिलीट करून नवीन करण्यापेक्षा त्याचीच तारीख-वेळ बदला. व्हिडिओ कॉलची लिंक तीच राहते, आणि सेव्ह करताना सगळ्यांना बदल कळवायचा का असं विचारलं की हो म्हणा. मिस्टरांच्या फोनवर ते आपोआप जर्मनीच्या वेळेत दिसेल.

‘बघते’ एवढंच आलं तर आठपर्यंत थांबा. आठनंतरही काही आलं नाही तर एकच ओळ: ‘मॅडम, शनिवारची वेळ आता वायरमनने दुसरीकडे दिली आहे, सोमवार 6.30 तुमच्यासाठी ठेवलाय.’ हे खरोखर तसं केलं असेल तरच लिहा. उत्तर आलं नाही म्हणून ‘मग शनिवार पक्का समजते’ असं कधीही लिहू नका. एकदा आपण न येण्याचं ठरवलं, आता त्यांनी यायचं हेही आपणच ठरवतोय, असं होतं ते.

‘तुमचं दर वेळी असंच असतं’ असं उत्तर आलं तर ते पाइपबद्दल नसतं. आधी कधीतरी उशीर झालाय, कधी ड्रॉइंग दोन दिवसांनी गेलंय, ते सगळं साठलेलं असतं. तिथे ‘दर वेळी कुठे, मॅडम?’ म्हणून हिशोब मांडायला गेलात तर एकवेळ हिशोब जिंकाल, पण क्लायंट जाईल. फोन करा, त्यांना बोलू द्या, आणि यापुढे काय वेगळं करणार ते एकच, पाळता येईल असं सांगा. उदाहरणार्थ, प्रत्येक साइट भेटीच्या आदल्या संध्याकाळी सातला माझा मेसेज येईल, काही बदल असेल तर तेव्हाच कळेल. आणि मग तो मेसेज न चुकता पाठवा.

शनिवारी वीस मिनिटं आधी पोचा. लाइटची सोय, खडू, टेप, ड्रॉइंगची मोठी प्रत तयार ठेवा. मॅडम आल्या की एक वाक्य, आणि व्हिडिओवर मिस्टर आले की त्यांनाही एक वाक्य: ‘सर, गुरुवारी तुमचा वेळ वाया गेला, माफ करा.’ त्यांना तुमच्याकडून थेट काहीच आलेलं नाही हे लोक विसरतात. मग लगेच पहिल्या भिंतीकडे वळा. मिठाईचा बॉक्स वगैरे नको. त्याने मॅडमना रागावणंही अवघड होतं आणि विसरणंही. त्यापेक्षा वायरमनची फेरी तुम्ही सोसली हे बिलात दिसेल, ते बरं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. हे एकदा चालतं. त्याच क्लायंटची पुढचीही मीटिंग ऐनवेळी मोडली तर कितीही नीट लिहा, तो मेसेज कुणी वाचत नाही. तेव्हा मीटिंग रद्द न करता तुमच्या जागी कुणीतरी जायला हवं. तुम्ही एकट्याच काम करता, म्हणून ही सोय आधीच करून ठेवावी लागेल: एखादी ओळखीची डिझायनर, जिच्या साइटवर अडीनडीला तुम्ही जाल आणि तुमच्या साइटवर ती येईल. तिला सगळं काम समजायची गरज नाही. ड्रॉइंग हातात असेल आणि तुम्ही फोनवर असाल तर मार्किंग, टाइल बघणं, मापं घेणं ती करू शकते. पण पहिल्यांदा ती ऐनवेळी गेली तर मॅडमना ती परकी वाटेल, तेव्हा शनिवारी तिलाही बरोबर न्या आणि ओळख करून द्या.